फॉरवर्ड करण्याआधी दिशा तरी बघायची होती

"सावधान!! नाशिककर बंधू-भगिनींनो, बहाई म्हणजे नाव बदललेला इस्लाम आहे. १) मक्केकडे तोंड करून नमाज पढतात, रोजे ठेवतात. २) सगळे धर्म एकच म्हणतात, म्हणजे सगळ्या देवांची खिचडी, काहीही पाळा. ३) बहाउल्ला हाच शेवटचा अवतार, त्याच्यानंतर कोणी नाही असं शिकवतात. ४) मेंबर झालात की पगारातले १९ टक्के कापतात. ५) लहान मुलांचे फुकट क्लास ही धर्मांतराची फॅक्टरी आहे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज मला माझ्या सख्ख्या मावशीने पाठवला. आणि नुसता पाठवून थांबली असती तरी मी डिलीट करून गप्प बसलो असतो, पण तिने नातीचं रविवारी वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे जाणं बंद केलं. त्या ताई बहाई आहेत, कितीतरी वर्षं आमच्या शेजारी राहतात, गणपतीला मोदक खायला येतात, मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डबा त्यांच्याच घरून जायचा. मी स्वतः बहाई नाही आणि व्हायचा विचारही नाही, पण त्यांच्याकडची पुस्तकं मी घेऊन वाचलेली आहेत, त्यामुळे एवढं धडधडीत खोटं वाचून डोकं फिरलं. तर मुद्द्यावर येतो.

पहिला मुद्दा. आधी दिशा. नाशिकमधून मक्का जवळजवळ सरळ पश्चिमेला येते, उत्तरेकडे अगदी थोडी कललेली. बहाई माणूस रोजच्या प्रार्थनेला तोंड करतो ते मक्केकडे नाहीच, तो करतो बहजीकडे. बहजी म्हणजे इस्राएलमध्ये अक्का शहराच्या शेजारची जागा, जिथे या धर्माचे संस्थापक बहाउल्ला यांची समाधी आहे. नाशिकमधून ती दिशा पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण तीस अंश येते. कंपास नको, जूनमध्ये गच्चीत उभं राहून सूर्य कुठे मावळतो ते बघा, त्याच्याही किंचित उजवीकडे. दोन दिशांमध्ये वीसेक अंशांचा फरक आहे, ज्याने कोणी हे लिहिलंय त्याने एकदाही कोणा बहाईला प्रार्थना करताना पाहिलेलं नाही एवढं यावरून कळतं.

आता यात अर्धं खरं काय आहे तेही सांगतो, नाहीतर उद्या कोणीतरी तेवढंच धरून बसेल. हा धर्म इराणमध्ये शिया मुस्लिम समाजातच उगवला. १८४४ मध्ये शिराझच्या एका तरुण व्यापाऱ्याने, ज्यांना बाब म्हणतात, जाहीर केलं की लवकरच देवाचा एक मोठा दूत येणार आहे, आणि १८५० मध्ये तब्रीझला त्यांना गोळ्या घालून मारलं. त्यांच्या अनुयायांपैकी बहाउल्ला, त्यांनी १८६३ मध्ये बगदादच्या एका बागेत सांगितलं की तो दूत मीच. त्यामुळे शब्द अरबी-फारसी आहेत, प्रार्थनेआधी हात-तोंड धुतात, आणि उपास आहे, मार्चमध्ये एकोणीस दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त, तो संपतो नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला. पण रमजानशी त्याचा संबंध नाही, रमजान दरवर्षी मागे सरकतो, हा कायम मार्चमध्येच असतो. आणि सगळ्यांनी मिळून एकत्र नमाज पढणं बहाउल्लांनी बंदच केलं, मयताची प्रार्थना तेवढी एकत्र, बाकी रोजची प्रार्थना ज्याने त्याने एकट्याने करायची. तीन प्रार्थना दिल्यात, त्यातली कुठलीही एक निवडायची. सगळ्यात छोटी तर चार-पाच ओळींची आहे, दुपारी बारा ते सूर्यास्ताच्या मध्ये दिवसातून एकदाच म्हणायची.

पण "इस्लामची शाखा" हा प्रश्न माझ्या-तुमच्या मतावर सोडायची गरजच नाही, कारण हा प्रश्न एका मुस्लिम धार्मिक कोर्टानेच निकाली काढलाय. इजिप्तमध्ये बेबा नावाच्या गावी, १९२५ साली. झालं असं की तिथल्या एका खेड्यातल्या काही माणसांनी बहाई धर्म स्वीकारला होता आणि त्यांच्या बायका मुस्लिम होत्या. गावातल्या मंडळींनी कोर्टात मागणी केली की या माणसांनी इस्लाम सोडलाय, तेव्हा ही लग्नं रद्द करा. आता कोर्टाला ठरवावंच लागलं की हे लोक मुस्लिम आहेत की नाहीत, मधला रस्ताच नव्हता. त्यांनी बहाई ग्रंथ मागवले, त्यातले नियम तपासले, आणि निकाल दिला की हा पूर्णपणे स्वतंत्र, नवीन धर्म आहे, याची श्रद्धा वेगळी, कायदे वेगळे, आणि जसा बौद्ध, ब्राह्मण किंवा ख्रिश्चन माणूस मुस्लिम म्हणता येत नाही तसाच बहाईही म्हणता येत नाही. लग्नं रद्द झाली. म्हणजे ज्या निकालाने त्या लोकांचे संसार मोडले तोच निकाल पुढे बहाई लोक जगभर दाखवत फिरले, की बघा, आम्ही स्वतंत्र आहोत हे विरोधकांच्याच तोंडून. आणि अजून हवं असेल तर पाकिस्तानची घटना काढा, त्यात बिगर-मुस्लिम कोण याची व्याख्या आहे, ख्रिश्चन, हिंदू, शीख, बौद्ध, पारशी यांच्याच रांगेत बहाईचंही नाव आहे. आता जो धर्म इजिप्तचं शरिया कोर्ट आणि पाकिस्तानची घटना दोघंही इस्लाम मानत नाहीत तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर इस्लाम ठरतो. कमाल आहे.

(आणि समजा असताच इस्लाम, तरी मोदक खाऊ घालण्यात काय बिघडलं असतं? पण तो विषय आज नको.)

दुसरा आणि तिसरा मुद्दा एकत्रच घेतो कारण ते एकमेकांना कापतात. एकीकडे म्हणायचं सगळ्यांची खिचडी, दुसरीकडे म्हणायचं फक्त आमचाच शेवटचा. अरे, एक काहीतरी ठरवा.

"सगळे धर्म एक" हे बहाई म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात जे असतं ते आपल्या "सर्व नद्या सागराला मिळतात" टाइप वाक्यापेक्षा बरंच वेगळं आहे, आणि हा फरक आपल्याकडे भल्याभल्यांना कळत नाही. आपलं म्हणणं असतं की एकाच वेळी सगळे रस्ते चालू आहेत, ज्याला जो जमेल तो धर. त्यांचं म्हणणं आहे की धर्म एकामागून एक येतात. देव एकच, तो काळाकाळाने एक दूत पाठवतो, प्रत्येक जण त्या काळच्या माणसाला झेपेल तेवढं सांगतो, मग काही शतकांनी पुढचा येतो. कृष्ण, बुद्ध, झरतुष्ट्र, मोझेस, येशू, मुहम्मद, बाब, बहाउल्ला, सगळे याच माळेतले. शिकवणुकीचे दोन भाग धरतात. एक आतला, म्हणजे देवाची ओढ, खरेपणा, दया, न्याय, हा बदलत नाही. दुसरा बाहेरचा, म्हणजे खाणंपिणं, लग्न, शिक्षा, सण, उपास, प्रार्थनेची रीत, हा प्रत्येक वेळी बदलतो आणि बदलायलाच हवा असं ते मानतात.

यासाठी वरच्या दिशेचंच उदाहरण घेऊ, कारण बहाउल्लांनी स्वतः हेच उदाहरण घेतलंय. किताब-ए-ईकान नावाचं त्यांचं पुस्तक आहे, बगदादमध्ये असताना लिहिलेलं, बाबच्या एका मामाला. या मामांना भाचा देवाचा दूत आहे हे पटत नव्हतं आणि त्यांनी आपल्या शंका लिहून दिल्या होत्या, म्हणजे हे पुस्तक मुळातच एका नातेवाईकाच्या शंकांना दिलेलं उत्तर आहे. त्यात ते सांगतात: ज्यू लोक जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करायचे. मुहम्मद पैगंबर मदिनेला गेले तेव्हा सुरुवातीला वर्ष-सव्वा वर्षाहून जास्त काळ तेही जेरुसलेमकडेच तोंड करायचे. मग एके दिवशी नमाज चालू असताना मध्येच आज्ञा आली आणि ते मक्केतल्या काबाकडे वळले. सोबतचे काही लोक गोंधळले, काहींनी नमाज सोडली, काही धर्म सोडून गेले. बहाउल्ला विचारतात, देवाला दिशा बदलायची गरज होती का? कुराणातच लिहिलंय की पूर्व-पश्चिम दोन्ही देवाच्याच. जेरुसलेमची दिशा आधीच्या कितीतरी प्रेषितांच्या काळात कायम राहिलीच होती ना? मग उत्तर देतात की ही परीक्षा होती, माणूस दिशेला धरून बसलाय की जो दिशा दाखवतो त्याला धरून आहे, हे कळण्यासाठी.

याच धाग्यावर बाबने आधीच सांगून ठेवलं होतं की आता दिशा म्हणजे ती व्यक्ती जी पुढे प्रकट होणार आहे, ती जिकडे जाईल तिकडे दिशा जाईल, ती जिथे विसावेल तिथे दिशा थांबेल. बहाउल्ला १८६८ मध्ये कैदी म्हणून अक्क्याला आणले गेले, १८९२ मध्ये बहजीला वारले, म्हणून आज दिशा बहजी. तर बघा, जेरुसलेम, काबा, बहजी. प्रार्थना तीच, तोंड वळलं. त्यांच्या भाषेत याला क्रमाक्रमाने होणारं प्रकटीकरण म्हणतात. आणि यातून सरळ दिसतं की यात खिचडीला जागाच नाही, कारण नवीन दिशा आली की जुनी बंद. बहाई माणूस सोमवारी काबा आणि मंगळवारी जेरुसलेम असं करू शकत नाही.

"काहीही पाळा" म्हणणाऱ्यांनी तर किताब-ए-अकदस उघडावं, त्यात त्यांचे कायदे आहेत. दारू बंद, पूर्ण बंद. वाइनच्या राजधानीत राहून आमच्या ताईंनी गंगापूर डॅमकडच्या वायनरीत एक घोट चाखलेला नाही, आम्ही सगळे गेलो तेव्हा त्या द्राक्षाचा ज्यूस पीत बसल्या होत्या. लग्नाला मुलाच्या आणि मुलीच्या दोघांच्याही हयात आई-वडिलांची संमती लागते, पळून जाऊन लग्न चालत नाही. पुरोहित, भटजी, मौलवी असा वर्गच नाही. यात कुठे आहे "काहीही"?

तिसरा तर सरळ उलटा लिहिलाय. त्याच अकदसमध्ये स्पष्ट वाक्य आहे की पूर्ण हजार वर्षं व्हायच्या आत जो कोणी देवाकडून थेट संदेश आल्याचा दावा करेल तो खोटारडा समजा. म्हणजे हजार वर्षांनंतर येणार हे गृहीतच धरलंय! हजार वर्षं कुठून मोजायची हेही ठरलेलं आहे, ऑक्टोबर १८५२ पासून, जेव्हा बहाउल्ला तेहरानच्या सियाह-चाल नावाच्या अंधारकोठडीत साखळदंडात होते आणि तिथे त्यांना आपण देवाचे दूत आहोत याची पहिली जाणीव झाली. म्हणजे २८५२ च्या आधी नाही, पण नंतर कधीतरी नक्की. स्वतःच्या धर्माची एक्सपायरी स्वतःच्याच ग्रंथात लिहून ठेवणाऱ्यांवर "हाच शेवटचा" असा आरोप करायला वेगळीच बुद्धी लागते.

"अवतार" शब्दावर मात्र मी थोडा फॉरवर्डवाल्याच्या बाजूने आहे, नाइलाजाने. भारतातले बहाई बहाउल्लांना कल्की म्हणून मांडतात, "यदा यदा हि धर्मस्य" हा श्लोक पुढे करतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपल्याच दशावताराची गोष्ट चाललीय. ती तशी नाही. त्यांच्या मते देव कधीच शरीरात उतरत नाही. दूत म्हणजे आरसा, सूर्य आरशात दिसतो पण सूर्य आरशात येऊन राहत नाही. शिवाय पुनर्जन्म ते मानत नाहीत. मग कृष्णाला ते मान देतात, मनापासून देतात, पण ज्या अर्थाने माझी आजी काळारामाच्या दारात हात जोडायची त्या अर्थाने देत नाहीत. हे त्यांनी पहिल्या भेटीत जरा मोकळेपणाने सांगायला हवं असं माझं मत आहे, आणि मी ताईंना हे तोंडावर बोललोय. त्यांचं म्हणणं असं की मूळ शिकवण एकच होती, पुनर्जन्माच्या कल्पना नंतरच्या समजुतीतून आल्या. असू दे, पण हे म्हणणं त्यांचं झालं, हिंदूंनी त्यावर सही केलेली नाही.

हीच अडचण बुद्धाच्या बाबतीत जास्त टोचते, आणि नाशिक जिल्ह्यात तर फारच. येवल्याला १९३५ मध्ये बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, १९५६ मध्ये नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली एक सरळ म्हणते की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही. आता पांडवलेण्यांच्या पायथ्याशी वंदनेला येणाऱ्या माणसाला जाऊन सांगा की बुद्ध हा एका देवाने पाठवलेल्या दूतांच्या साखळीतला एक. विष्णू नाही म्हणालात हे ठीक, पण ज्याने सृष्टीकर्त्या देवाबद्दल बोलणंच टाळलं त्याला देवाचा दूत केलंत, हे त्याला कसं पटेल? यावर बहाई उत्तर असं की बुद्धाचे मूळ शब्द शतकानुशतकांच्या प्रवासात पूर्ण पोचलेले नाहीत. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. म्हणजे टीका करायचीच असेल तर इथे करा ना, इथे खरोखर वाद घालण्यासारखं आहे. पण त्यासाठी वाचावं लागतं, आणि फॉरवर्डला वाचन लागत नाही.

चौथा, पैशाचा. १९ हा आकडा खरा, बाकी सगळं खोटं. पगारातून काही कापत नाहीत. वर्षभराचा घरखर्च, पोरांची फी, सगळं भागवून जे शिल्लक राहतं ते साठत साठत एका ठरावीक किमतीला पोचलं, ती किंमत म्हणजे सुमारे ६९ ग्रॅम सोनं, आपल्या सराफाच्या भाषेत सात तोळ्याला जरा कमी, तर त्यावर १९ टक्के द्यायचे. राहतं घर आणि घरातलं गरजेचं सामान यात धरत नाहीत. एकदा दिले की त्याच रकमेवर पुन्हा नाही. आणि मुख्य म्हणजे कोणालाही वैयक्तिक गाठून मागायला मनाई आहे, हिशोब ज्याचा त्याने करायचा, दिले नाहीत तर दार वाजवायला कोणी येत नाही. ज्याच्याकडे शिल्लकच राहत नाही त्याला शून्य. आणि जो बहाई नाही त्याच्याकडून धर्माच्या कामासाठी देणगी घेतच नाहीत, मी एकदा कार्यक्रमाच्या खर्चासाठी पाचशे रुपये पुढे केले तर ताईंनी परत खिशात घातले.

आता पाचवा, ज्याच्यामुळे खरं तर हे सगळं लिहायला बसलो. "मुलांचे क्लास घेऊन दिशाभूल" हा आरोप कोणी आणि कुठे केला होता ते मावशीला आणि तिच्या ग्रुपला माहीत असायला हवं. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर जी घटना झाली तिच्यात पारशी, ज्यू आणि ख्रिश्चन एवढेच अल्पसंख्याक मान्य केले, बहाईंना जागाच नाही. १८ जून १९८३ ला शिराझमध्ये दहा बहाई स्त्रियांना एकाच रात्री फाशी दिली. त्यात मोना महमूदनेझाद नावाची मुलगी होती, वय सतरा. तिच्यावरच्या आरोपांतला एक हा होता की ती लहान मुलांना बहाई वर्ग शिकवते. धर्म सोडते म्हण, सोडून देऊ, असं सांगितलं होतं, तिने म्हटलं नाही. तोच आरोप चाळीस वर्षांनी मराठीत टाइप होऊन नाशिकच्या ग्रुपवर फिरतंय, आणि फिरवणाऱ्याला वाटतंय की आपण इस्लामपासून समाजाला वाचवतोय. ज्या राजवटीचा धाक दाखवायचा तिचंच आरोपपत्र कॉपी-पेस्ट करायचं.

क्लासमध्ये काय होतं ते मी बघितलंय. सात-आठ पोरं, सतरंजी, एखादी प्रार्थना पाठ करतात, खरं बोलण्यावर एखादी गोष्ट, मग चित्रं रंगवणं आणि चिक्की. बहाउल्लांचं नाव घेतात का? घेतात, लपवत नाहीत. प्रार्थना बहाई असतात का? असतात. आपला धर्म वाढावा असं त्यांना वाटतं का? वाटतं, कोणाला वाटत नाही. पण मूल बहाई कधी होतं याचा नियम आहे: पंधरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कोणाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, खुद्द बहाई आई-बापाच्या पोरालाही पंधराव्या वर्षी स्वतः ठरवावं लागतं की राहायचं का नाही, कारण सत्य ज्याचं त्याने शोधायचं हा त्यांच्या मूळ तत्त्वांपैकी एक आहे, आंधळेपणाने बापाचा धर्म घेणं त्यांना चालत नाही. जबरदस्ती, आमिष याला साफ मनाई. पाचगणीला त्यांची न्यू एरा शाळा १९४५ पासून आहे, सगळ्या धर्मांची मुलं तिथून शिकून बाहेर पडली, किती बहाई झाली ते तिथल्या कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याला विचारा.

मावशी, तुझ्या नातीचं वय आठ. तुला शंका असेल तर रविवारी सकाळी अकराला तिच्यासोबत वर जाऊन बस, दार उघडंच असतं आणि आज्या-बिज्यांना बसायला खुर्ची मिळते. प्रार्थनेचा कागद मागून घे, घरी आणून वाच, त्यात खटकलं तर पाठवू नकोस, तो तुझा आणि तिच्या आईचा हक्क आहे. पण मग कारण सांगताना त्या कागदातलं वाक्य दाखव, हा मेसेज नको.